टाकीतलं गाणं

टाकी धुताना आतल्या माणसानं गायलं पाहिजे, असं मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सूर लागला नाही तरी चालेल, शब्द काहीही असोत, पण आतून आवाज येत राहिला पाहिजे. हे मला शिकवलं ते मुरबाडच्या दवाखान्यात पाणी भरणाऱ्या एका माणसानं. मी ते शिकले, आणि मग माझ्याच तोंडानं त्याला गप्प केलं. एवढंच सांगायचं आहे. पण एवढं सांगायलाही मला इतकी वर्षं लागली.

मी मुरबाडला नर्स म्हणून गेले ती दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी. वय पंचविशीचं, नवरा लग्नानंतर वर्षातच गेलेला, मुंबईत शिकून आलेली, आणि डोक्यात हवा. दवाखाना लहानसा. दहा खाटा, एक बाळंतपणाची खोली, एक डॉक्टर. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलायचे आणि मला ‘बाई’ म्हणायचे. दवाखान्याला एकच श्रीमंती होती, ती म्हणजे गच्चीवरची लोखंडी टाकी. मुंबईच्या कुणा दात्यानं दिलेली. चारी बाजूंनी पत्रे ठोकून जोडलेली, आत माणूस उभा राहिला तर डोकं वरच्या पत्र्याला टेकेल एवढी उंच, आणि वरच्या पत्र्याच्या एका कोपऱ्यात झाकण, खांदे तिरके करून उतरावं लागेल एवढंच. ती बसवली होती नेमकी बाळंतपणाच्या खोलीच्या डोक्यावर. खालच्या विहिरीवर हातपंप होता. तो मारला की पाणी वर जायचं आणि नळाला उतरायचं. मुरबाडात तेव्हा नळ म्हणजे अप्रूप. बघायला माणसं यायची.

तो पंप मारणारा माणूस म्हणजे माझा दादा. नात्यागोत्याचा नाही, पण मी दादा म्हणायची. डोंगराकडच्या पाड्यावर त्याची भाताची दोन खाचरं होती. लावणी आणि कापणी सोडून बाकीचा वेळ दवाखान्यात. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणायचं, उपसायचं काम. बायकोही बरोबर यायची, झाडलोट करायला. तिला मी वयनी म्हणायची. दोघंही मला ‘बाय’ म्हणत आणि तू म्हणत. सुरुवातीला मला राग यायचा. मग कळलं, ती माणसं डॉक्टरांनाही तूच म्हणतात.

आल्यावर पहिल्याच महिन्यात मला नळाच्या पाण्याला वास आला. शेवाळाचा, आणि शेवाळाखाली आणखी कशाचा तरी. मी पदर खोचून गच्चीवर गेले, झाकण उघडायला लावलं आणि आत पाहिलं. तळाला चार बोटं गाळ. एका कोपऱ्यात मेलेली पाल. आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझ्याकडे मान वर करून बघणारं एक कासव.

‘‘दादा! हे काय?’’

‘‘कासव,’’ तो म्हणाला. जसं काही मला दिसत नव्हतं.

‘‘ते कळतंय मला! आत कुणी टाकलं?’’

‘‘मी. इहिरीत सोडतात ना बाय, घाण खातो तो. पानी सोच्छ ऱ्हातो.’’

‘‘अरे, आणि ते स्वतः घाण करतं ती कोण खातं?’’

वयनी तोंडाला पदर लावून खुसुखुसु हसत होती. ‘‘मी बोलली हुती ह्याला,’’ ती म्हणाली. ‘‘ती लोकंडाची पेटी हाय, ती काय इहीर हाय?’’ कासव मी ताबडतोब विहिरीत नाही, ओढ्यात सोडायला लावलं. टाकी किती दिवसांनी धुतात म्हणून विचारलं, तर कळलं, वर्षातून एकदा, चैत्रात, विहीर उपसतात तेव्हा. तेव्हाच का, तर विहीर तेव्हा उपसतात म्हणून. मला हे अडाणीपणाचं वाटलं. बाळंतिणीच्या जखमा ज्या पाण्यानं धुवायच्या, त्यात वर्षभर पाल मुरलेली? छे!

पण धुण्याची त्यांची पद्धत मात्र मी पहिल्यांदा पाहिली आणि मला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. आदल्या संध्याकाळी सगळी पिंपं, हंडे, बादल्या भरून ठेवायच्या. मग पंप बंद. टाकीतलं पाणी नळांनी जाऊ द्यायचं, पण शेवटचं हातभर पाणी नळांनी नाही. ते गाळाचं. ते तळाचं बूच काढून गच्चीच्या पन्हळीतून बाहेर सोडायचं, म्हणजे गाळ नळात उतरत नाही. मग झाकण सताड उघडून टाकी अर्धा दिवस तशीच सोडायची. आत कुणी जायचं नाही. मग पेटता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडायचा. ज्योत मंदावली किंवा विझली तर त्या दिवशी काम बंद. विहिरीवरची ही त्यांची चाल, आणि गंजक्या बंद टाकीलाही ती तितकीच लागू होती. गंज चढताना हवेतला जीव खातो, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. दादाला त्याचं कारण ठाऊक नव्हतं, पण कंदील सोडल्याशिवाय तो पाय आत टाकत नसे.

मग दोर. दोन्ही बगलांखालून घेतलेला, छातीवर गाठ मारलेला. आणि दोराचं दुसरं टोक धरायला घरचंच माणूस. परका चालत नाही. त्या घराण्यात बाप विहिरीत उतरला तर दोर आई धरणार. ‘‘परका मानूस इकरंतिकरं बघतो,’’ दादा म्हणायचा. ‘‘घरचा मानूस बघत नाय कुटं.’’ म्हणून वयनी झाकणाजवळ मांडी ठोकून बसायची, दोराचा वेढा झाकणाशेजारच्या लोखंडी कड्याला घालून, टोक मुठीत.

आणि गाणं. आतला माणूस उतरल्यापासून वर येईपर्यंत गात राहणार. दोर हलला म्हणजे माणूस हलतोय एवढंच कळतं. गाण्यावरून तो कसा आहे ते कळतं. आवाज जड झाला, शब्द चुकले, दम लागला, की वरच्यानं विचारत बसायचं नाही. ओढायचं. दादाचा गळाही असा की सांगता सोय नाही. लावणीला त्याच्या खाचरात माणसं बोलवावी लागत नसत, त्याच्यामागे गाणी म्हणायला मिळतात म्हणून आपणहून यायची. टाकीत तर तो आवाज घुमायचा, खाली खाटांवरची माणसं माना वर करून ऐकायची. शब्द तो तिथल्या तिथे जुळवायचा. पहिल्याच धुण्यात माझ्यावर:

टाकीत हाय अंधार, वरती हाय ऊन,
दवाखान्याची बाय आली डोले वटारून.

मी गच्चीवर उभी राहून खरंच डोळे वटारले. वयनी हसून हसून मागे कलली, पण मुठीतला दोर काही सैल झाला नाही.

घासायला काथ्या आणि खराटा. साबण नाही, तो लोखंडावर राहतो. दोनदा आतून धुऊन पाणी तळाच्या बुचातून सोडायचं. दादा वर आला, दोर सुटला, की मग पुढचं काम माझं: पांढरी ब्लीचिंग पावडर. ती बादलीत बाहेर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, आणि टाकी भरत आली की वरची निवळ झाकणातून आत ओतायची. रात्रभर ठेवून सकाळी सगळ्या नळांनी ते पाणी वाहून जाऊ द्यायचं, आणि नव्यानं भरायचं. पावडर आत माणूस असताना आत जात नाही. हे डॉक्टरांनी मला पहिल्या वेळीच सांगितलं होतं, आणि मी ‘हो’ म्हटलं होतं.

आता किती दिवसांनी धुवायची, यावरून आमचं वाजलं. दादाचं म्हणणं, वर्षाला एकदा. माझं म्हणणं, दर तीन महिन्यांनी. डॉक्टर बघू म्हणाले. दादा मग म्हणाला, ‘‘बाय, काठी घाल आत. गाळ किती त्यो बघ. दोन बोटा झाला का धू. पावसाल्यात इहीर गढूल आसते, तवा लवकर भरल. उनालात नाय भरनार. तुजी तारीक काय त्या गाळाला वाचता येते?’’

मला इतका राग आला! मला शिकवतोय! मी रंगाची डबी घेतली आणि औषधांच्या खोलीच्या दारावर आतून चार तारखा लिहिल्या. वर्षाच्या चार. मोठ्या अक्षरांत. आणि त्या तारखा मी पाळल्या, पाऊस असो, ऊन असो, गाळ असो, नसो. डॉक्टर एकदा म्हणाले, ‘‘बाई, मागच्या खेपेला आत काही निघालंच नाही म्हणे.’’ मी म्हटलं, ‘‘मग चांगलंच की!’’ त्या टाकीत दर खेपेला एक माणूस उतरतो, हे मी कुठल्याच हिशेबात धरलं नव्हतं. मला फक्त पाणी दिसत होतं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. थंडी संपत आली होती. त्या खेपेच्या आधी मी दादाला बोल लावला होता, कारण नळाच्या पाण्याचे तांबूस डाग बाळांच्या पांढऱ्या कपड्यांवर उतरायला लागले होते. गंजाचे. ‘‘नीट घासत नाहीस तू,’’ मी म्हटलं. ‘‘पितळेची भांडी वयनी कशी लखलखीत करते, ते बघ जरा.’’ हे मी बोलले. माझं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं.

तारखेच्या आदल्या दिवशी पहाटे खेड्यातून आलेली एक पोर बाळंतीण झाली आणि लगेच तिला झटके सुरू झाले. अठराएक वर्षांची असेल. बाळ ठीक होतं. तिला दोन झटके आले. डॉक्टरांनी औषध दिलं. खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. अंधार ठेवायचा, हात लावायचा तर हळू, आणि आवाज अजिबात नाही, कारण आवाजानं झटका परत येतो. ही शिकवण होती आमची. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना शहापूरला जावंच लागणार होतं. जाण्याआधी त्यांनी तिला आणखी औषध दिलं आणि मला म्हणाले, ‘‘संध्याकाळपर्यंत येतो. हिला शांत ठेवा.’’

आणि तो दिवस तारखेचा.

टाकी आदल्या रात्रीपासून रिकामी होत आली होती. मी ती थांबवू शकत होते. पिंपं भरलेली होती, पंप मारून पुन्हा चार हात पाणी वर चढवलं असतं आणि तीन दिवसांनी धुतलं असतं. कोण विचारणार होतं? कुणीही नाही. दारावरची तारीख सोडली तर कुणीही नाही.

दुपारी दादा आणि वयनी कंदील, दोर घेऊन गच्चीच्या जिन्याशी आले. मी जिन्यातच अडवलं.

‘‘धुवायची आज,’’ मी दबक्या आवाजात म्हटलं. ‘‘पण गाणं बंद. बिलकुल आवाज नको. खाली ती पोर आहे.’’

दादानं कंदील पायरीवर ठेवला.

‘‘मंग परवा धू की,’’ दादा म्हणाला.

‘‘आज तारीख आहे.’’

‘‘बाय, गान्याबिगर आत जात नाय आमी,’’ वयनी म्हणाली. ‘‘मला वर कसा कलल?’’

‘‘दोर आहे ना तुझ्या हातात? मग? आणि खराटापण नको, खरखर खाली ऐकू येते. मी तुम्हाला पावडर देते. ती ओल्या तळावर पसरा, थोडी मुरू दे, आणि फडक्यानं पुसून घ्या. घासायलाच नको.’’

हो. मी दिली. आत न्यायला दिली. पत्र्याच्या डब्यातून, हातानं काढून. पोर जगली पाहिजे, टाकी धुतली गेली पाहिजे, तारीख पाळली पाहिजे. तिन्ही गोष्टी एका दुपारी बसवायच्या म्हणून मी डॉक्टरांचा नियम मोडला आणि त्याला माझी हुशारी समजले.

दादानं ती घेतली. त्याच्या काखेत एक मडकं होतं, फडक्यानं बांधलेलं. त्यात काय आहे, हे मी विचारलं नाही. त्यात रात्रभर भिजवलेली चिंच होती. मी पितळेची भांडी म्हटलं होतं ना. घरची पितळी भांडी वयनी चिंचेनंच तर उजळते. गंजाचे डाग त्यानंच जातील असं त्याला वाटलं, आणि खरं म्हणजे जातातही. माझ्या बोलण्याला मान देऊन त्यानं घरून चिंच आणली होती.

कंदील सोडला, ज्योत नीट जळली. दोर बांधला. दादा उतरला आणि न गाता कामाला लागला. आधी त्यानं चिंचेचा कोळ भिंतीला आणि तळाला फासला. मग माझी पावडर त्यावर पसरली.

आंबट आणि ही पावडर एकत्र आली की तिच्यातून विषारी वायू सुटतो. हवेहून जड. बंद लोखंडात तो तळाशीच साचून राहतो. कंदील आधीच वर आला होता. आणि कंदिलानं काय सांगितलं असतं? ज्योत तर जळत राहिली असती.

मी खाली त्या पोरीच्या उशाशी बसले होते. वर काहीही ऐकू येत नव्हतं, आणि त्याचं मला किती समाधान वाटत होतं!

वयनीनं मला नंतर सांगितलं. तिला वास आला, पण पावडरीचा वास तर नेहमीच यायचा. दोर हलत होता. दादा झाकणापासून लांबच्या कोपऱ्यात होता, उकिडवा बसून. तिनं हळूच विचारलं, ‘बरा हाय ना?’ त्यानं हात वर करून दाखवला. तिला अंधारात एवढंच दिसलं. त्याच्या दुसऱ्या हातात धोतराचा सोगा होता, आणि तो सोगा त्यानं तोंडात कोंबलेला होता.

खोकला येत होता म्हणून. खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

मी आवाज नको म्हटलं होतं.

मग दोर हलायचा थांबला. वयनीनं किती वेळ वाट पाहिली, तिलाही ठाऊक नाही. ती म्हणते, थोडीच. गाणं असतं तर तिनं केव्हाच ओढला असता. मग ती किंचाळली.

मी धावत जिना चढले आणि वर पोचताच माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय गेलं असेल? ‘‘ओरडू नकोस गं! खाली पोर आहे!’’

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती दोर ओढत होती, दोन्ही पाय झाकणाच्या काठाला लावून. मी झाकणात डोकावले आणि माझे डोळे, घसा एकदम पेटले. मला काय झालं कुणास ठाऊक, मी पाय आत टाकायला गेले. वयनीनं दोर एका हातात धरून दुसऱ्या हातानं माझं लुगडं मागे खेचलं. ‘‘तू बी पडशील! ओढ!’’ मी दोराला हात घातला. किंचाळी ऐकून त्या पोरीचा नवरा अंगणातून धावत आला होता. तिघांनी मिळून ओढला. दोर बगलांखाली होता म्हणून तो सरळ वर आला, झाकणात खांदे अडकले, आणि मी त्याचे खांदे तिरके करून बाहेर काढले.

डोळे लाल, तोंडाला फेस, नखं काळीनिळी. पण श्वास होता. गच्चीवरून खाली, वाऱ्यात, झाडाखाली आणला. अंगावरचे कपडे काढून पाण्यानं धुतला, डोळे धुतले, उशा लावून बसता ठेवला. मला जे येत होतं ते सगळं केलं. टाकीच्या आत मग दोन दिवस कुणीच गेलं नाही. बाहेरूनच बादल्या ओतून बुचातून सोडत राहिलो, वास जाईपर्यंत.

डॉक्टर संध्याकाळी आले. दादाची छाती तोवर भरत चालली होती. ते त्याच्याजवळ बसले आणि त्यांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’ त्यांनी ते माझ्याकडे बघून विचारलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत दादाच बोलला. एकेक शब्द, मध्ये दम घेत. ‘‘चिंच... मीच लावली. बायनं... नाय सांगितली हुती.’’

डॉक्टरांनी मान हलवली. ‘‘चिंच आणि पावडर! अरे, आणि पावडर आत कशी आली?’’

दादा गप्प. वयनी त्याच्या पायाशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

आणि मी बोलले नाही. एक शब्दही नाही. मला वाटलं, नोकरी जाईल. माझ्यासारखीला दुसरी कुठे मिळणार, परत सासरच्या दारात जावं लागेल. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. डॉक्टरांनी समजून घेतलं की दादानंच डब्यातून काढली. ‘‘अडाणीपणा,’’ ते हळूच म्हणाले, रागानं नाही, दुःखानंच. आणि तसंच त्यांनी वर कळवलं.

मग जाताजाता मला बाजूला घेऊन ते म्हणाले, ‘‘पोरीची काळजी करू नका हो. मी तिला एवढं औषध देऊन गेलो होतो की दारात ढोल वाजला असता तरी ती उठली नसती.’’ वयनी किंचाळली तेव्हाही ती पोर उठली नव्हती. मी ते लक्षातच घेतलं नव्हतं. ती आणि तिचं बाळ आठ दिवसांनी बैलगाडीतून घरी गेली. चांगली जगली.

दादाही जगला. लोक म्हणाले, नशीब. पण वरच्या पाड्यापर्यंत चढण चढायची तर तीन ठिकाणी बसावं लागायचं. लावणीला वाकणं संपलं. खाचरं धाकट्या भावानं घेतली. पंपाचं कामही त्याच भावानं धरलं. दादा विहिरीच्या काठावर बसून असायचा, आणि गळ्यातून यायची ती नुसती हवा. बोलायचा, पण कुजबुजल्यासारखं. गाणं गेलं ते गेलंच. पुढच्या लावणीला त्याच्या खाचरात माणसं बोलवावी लागली, असं वयनीनं एकदा बोलता बोलता सांगितलं. आणखी काही नाही, एवढंच सांगितलं.

दारावरच्या तारखा मी खरवडून काढल्या. मग कुणाला न विचारता एक काठी आणली, तिच्यावर दोन बोटांची खूण केली. महिन्यातून एकदा झाकण उघडून बघायचं, काठी घालायची. दोन बोटं गाळ असेल, वास असेल, काही मेलेलं असेल, तरच धुवायची. असं करता करता दिसलं, की वर्षाला दोन खेपा पुरतात. एक पावसाळा सरल्यावर, दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला, कारण गढूळ पाण्यानं तेव्हा गाळ भराभर साचलेला असतो. आणि एक चैत्रात, विहिरीबरोबर. चारदा नाही, आणि एकदाच असंही नाही. दादा जे म्हणत होता, जवळजवळ तेच. त्याला मी हे सांगितलं, तर तो हसला आणि मान हलवली. त्याला हसतानाही खोकला यायचा.

त्या चैत्रात काठीला गाळ लागला नव्हता, म्हणून अपघातानंतरचं पहिलं धुणं दिवाळीच्या आधी निघालं. खाली खाटांवर फक्त तापाचे रोगी होते. झटक्यांचं, टाके घातलेलं कुणी नाही, हे मी दोनदा बघितलं. पावडरीचा डबा मी कुलपात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. कुणाच्या हातात मडकं, चिंच, कोकम काही नाही, हेही बघितलं. धाकटा भाऊ आत उतरला. दोर वयनीनं धरला, तिच्या घरचाच तो. मी तिच्या शेजारी बसले. दादा खाली विहिरीपाशी होता, इकडे तोंड करून.

धाकट्याला गाण्याची लाज वाटत होती. तो नुसताच ‘हूं हूं’ करत होता.

किती महिने मी मनात घोळवत होते ते तेव्हा माझ्या तोंडून निघालं. मी वयनीला म्हटलं, ‘‘वयनी, त्या दिवशी डॉक्टरांना मी सांगायला पाहिजे होतं. पावडर मी दिली, गाणं मी बंद केलं. दादाचा दोष नव्हता.’’

तिनं दोरावरची नजर काढली नाही. मग म्हणाली, ‘‘मला काय सांगते? मी हितंच हुती ना.’’

मी मान खाली घातली. मला रडूही आलं नाही, एवढी शरम वाटली. डॉक्टर खाली होते. जिना उतरून जायला मला एक मिनिट लागलं असतं. मी गेले नाही. त्याही दिवशी नाही, आणि पुढच्या वर्षी ते वारले तोवरही नाही. त्यांच्या कागदांत दादा अजून अडाणीच आहे.

‘‘बाय,’’ वयनी एकदम म्हणाली, ‘‘तो गप झाला बघ.’’

आतून आवाज बंद होता. कदाचित तो नुसता कोपरा पुसायला वाकला असेल. मी झाकणात तोंड घातलं आणि आयुष्यात ओरडले नव्हते इतक्या जोरानं ओरडले, ‘‘गा रे! गा! मोठ्यानं गा!’’ खालच्या खाटांवरचे रोगी उठून बसले. आतून धाकट्याचा घाबरलेला आवाज आला, आणि त्याला दुसरं काही आठवेना म्हणून तो भावाचंच गाऊ लागला, टाकीत हाय अंधार, वरती हाय ऊन. वयनीचा हात दोरावर घट्ट झाला. मी विहिरीकडे पाहिलं. दादाचे ओठ हलत होते, आणि तिथून काहीच ऐकू येत नव्हतं.